ऐंशी चौरस मीटरमधला खेळाचा तास

छोट्या जागेत शारीरिक शिक्षणाचा तास आखताना सर्वांत आधी विचार करायचा तो चुकलेल्या चेंडूचा. झेल सुटला तर चेंडू कुठे जाईल, तो आणायला कोण धावेल आणि धावताना कुणाला धडकेल, हे एकदा ठरले की मुलांनी कुठे उभे राहायचे, कोणत्या दिशेने फेकायचे आणि किती अंतरावरून, हे पुढे सहज ठरत जाते. मोठ्या मैदानावर याची फिकीर करावी लागत नाही. चेंडू लांब गेला तर एखादे मूल जाऊन घेऊन येते. सभागृहात मात्र सुटलेला एक चेंडू शेजारच्या तीन जोड्यांचा खेळ थांबवतो, आणि असे चार-पाच चेंडू एका वेळी सुटले की तास शिकवण्याचा न राहता आवरण्याचा होतो.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. तरीही दाट वस्तीतल्या अनेक शाळांच्या वाट्याला प्रत्यक्षात एखादे सभागृह, जिन्यापुढची मोकळी जागा किंवा दोन वर्गांमधला व्हरांडा एवढेच येते. मुंबई-कोकणात तर जून ते सप्टेंबर मैदान असूनही नसल्यासारखे असते. अशा वेळी तास रद्द करून मुलांना कॅरम देणे किंवा जागच्या जागी कवायत करवून घेणे हा सोपा मार्ग असतो. पण चेंडू फेकणे आणि झेलणे हे कौशल्य नीट शिकवायला दोन-तीन मीटरांपेक्षा जास्त अंतर लागतच नाही. क्रिकेट, हँडबॉल, बास्केटबॉल आणि लगोरी या सगळ्यांच्या मुळाशी हेच कौशल्य असल्यामुळे छोट्या जागेचा तास त्यावर खर्च करणे सर्वांत शहाणपणाचे.

समजा, इयत्ता पाचवीचा वर्ग आहे. मुले ३२, तासिका ३५ मिनिटांची, जागा १० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. वर्गात पाच-सहा मुले गल्लीत रोज टेनिस बॉलचे क्रिकेट खेळणारी आहेत. जवळजवळ तितक्याच मुला-मुलींनी कधी मन लावून चेंडू हातात धरलेला नाही. एक मुलगी व्हीलचेअर वापरते, एका मुलाला फार कमी दिसते आणि एका मुलाच्या शरीराची डावी बाजू कमकुवत आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या शाळेत असा वर्ग सापडेल. तासाचे उद्दिष्ट एकच ठेवायचे: जवळच्या अंतरावरून अंडरआर्म फेकलेला चेंडू दोन्ही हातांनी, शरीरापासून दूर झेलता येणे. ओव्हरआर्म फेक, धावत झेलणे, नेम धरणे हे सगळे एकाच तासात कोंबले तर कोणतेच शिकून होत नाही.

ऐंशी चौरस मीटर आणि बत्तीस मुले, म्हणजे प्रत्येकाला अडीच चौरस मीटर. हा हिशोब पाहून बहुतेक वेळा मुलांच्या दोन रांगा केल्या जातात आणि प्रत्येक रांगेला एक चेंडू दिला जातो. दिसायला हे शिस्तीचे दिसते. पण सोळा मुलांच्या रांगेत एका फेकीला सहा सेकंद धरले, तर दहा मिनिटांत शंभर फेकी होतात आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला जेमतेम सहा येतात. उरलेला वेळ ते पुढच्या मुलाच्या पाठीकडे पाहत उभे असते. सहा झेलांत कुणी झेलायला शिकत नाही. शिवाय ज्याचा झेल सुटतो त्याच्याकडे मागची पंधरा मुले पाहत असतात, त्यामुळे घाबरणारे मूल आणखी घाबरते. छोट्या जागेत जागेपेक्षा रांगच शिकण्याच्या आड जास्त येते.

त्याऐवजी सोळा जोड्या करायच्या आणि जागा अशी वाटायची. सभागृहाच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, एक मीटर रुंदीचा पट्टा पूर्ण रिकामा ठेवायचा. या पट्ट्यात फक्त शिक्षक फिरतात आणि साहित्याची टोपली असते. दाराशी जाण्याची वाटही तीच. दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन मीटर खोलीची जागा उरते आणि प्रत्येक बाजूला आठ जोड्या बसतात. झेलणारे मूल भिंतीपासून अर्धा मीटर पुढे, भिंतीकडे पाठ करून उभे राहते. फेकणारे मूल मधल्या पट्ट्याच्या बाजूने, भिंतीकडे तोंड करून. आता झेल सुटला तर चेंडू मागच्या भिंतीला लागून तिथेच पडतो आणि झेलणाऱ्याला एक पाऊल मागे जाऊन तो उचलता येतो. दुसऱ्या कुणाच्या पायात तो जात नाही.

खरी अडचण परतीच्या चेंडूची. झेलणाऱ्याने तो उलटा फेकला आणि सुटला, तर तो मधला पट्टा ओलांडून समोरच्या बाजूला शिरणार. म्हणून नियम असा, की चेंडू परत द्यायचा तो जमिनीवरून घरंगळत किंवा सरपटत. पाच फेकी झाल्या की दोघांनी जागा बदलायच्या. एवढ्या एका नियमाने धावपळीचा मोठा भाग संपतो. एक फेक, एक झेल आणि परतीचे घरंगळणे याला आठ-दहा सेकंद लागतात, म्हणजे दहा मिनिटांत जोडीच्या साठेक फेकी होतात. प्रत्येकाला तीस वेळा फेकायला आणि तीस वेळा झेलायला मिळते. रांगेतल्या सहांच्या तुलनेत हा पाचपट सराव आहे, आणि त्यासाठी जागा एक इंचही वाढवावी लागलेली नाही.

दहा मीटरांत आठ जोड्या म्हणजे प्रत्येक जोडीला सव्वा मीटर रुंदी. दहा वर्षांच्या मुलाने दोन्ही हात बाजूंना पसरले तर ते याहून किंचित जास्तच जागा घेतात. अंडरआर्म फेकीत हात पुढे-मागे झुलतो, बाजूला जात नाही, म्हणून एवढ्या जागेत ती चालते. ओव्हरआर्म फेक मात्र शेजाऱ्याला लागेल. व्हीलचेअर पूर्ण वळवायला दीड मीटर व्यासाचे वर्तुळ लागते, तेव्हा त्या जोडीला दाराजवळच्या टोकाची १.८ मीटर रुंद पट्टी द्यायची. मग त्या बाजूच्या उरलेल्या सात जोड्यांना प्रत्येकी सुमारे १.१७ मीटर उरते, आणि तेवढ्यात काम भागते. पट्ट्या आदल्या दिवशीच खडूने आखून ठेवाव्यात. तास सुरू झाल्यावर आखायला बसले तर सात-आठ मिनिटे त्यातच जातात.

साहित्य महाग लागत नाही, पण ते निवडताना ते किती उसळते याचा विचार लागतो. टेनिसचा चेंडू फरशीवर उसळून पंख्यापर्यंत जातो आणि खाली पडला की संपूर्ण सभागृह फिरून येतो. छोट्या जागेत उसळणारे काहीच नको. वर्तमानपत्राची दोन-तीन पाने चुरगळून, जुन्या मोज्यात भरून तोंड शिवले की संत्र्याएवढा चेंडू तयार होतो. तो लागला तरी दुखत नाही, आवाज करत नाही आणि पडला तिथेच थोडा घरंगळून थांबतो. दुसरे साधन म्हणजे चिंचोके किंवा तांदूळ भरलेली तळहाताएवढी कापडी पिशवी, वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. ही हातात पडली की हाताचा आकार घेते, निसटत नाही, म्हणून नवख्या मुलाला चेंडूपेक्षा सोपी जाते. ती घरंगळत नसल्याने परत देताना जमिनीवरून सरकवायची. तिसरे साधन शिफॉनच्या ओढणीचा रुमालाएवढा तुकडा. हवेत सोडला की तो इतका सावकाश खाली येतो, की घाबरणाऱ्या मुलालाही तो कुठे येतो आहे ते पाहायला वेळ मिळतो. त्या वेळी छतावरचे पंखे बंद ठेवावे लागतात, नाहीतर रुमाल भलतीकडेच जातो. अठरा-वीस चेंडू, दहा पिशव्या आणि आठ रुमाल एवढे साहित्य वर्षभर पुरते.

झेल शिकवायचा तर आधी फेक सुधारावी लागते. वर्गात झेल सुटतात त्यांतले बरेचसे झेलणाऱ्याचे नसतातच. फेक डोक्यावरून गेलेली असते किंवा पायाशी पडलेली असते, आणि तरी ‘तुला झेलता येत नाही’ हे ऐकावे लागते झेलणाऱ्याला. म्हणून पहिली चार मिनिटे झेलणारे मूल बाजूला उभे राहते आणि फेकणारे भिंतीवर खडूने काढलेल्या साठ सेंटिमीटरच्या चौकोनात चेंडू टाकते. चौकोनाची खालची कड जमिनीपासून साधारण ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे झेलणाऱ्याच्या पोटाच्या उंचीला. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे, हात मागे नेऊन सरळ पुढे झुलवायचा आणि चेंडू सुटल्यावर बोटे चौकोनाकडे राहू द्यायची. चेंडू छताकडे जात असेल तर तो उशिरा सुटतो आहे. पुढे पायाशीच पडत असेल तर लवकर सुटतो आहे. शिक्षकांनी चेंडू कुठे पडला ते पाहण्याऐवजी फेकणाऱ्याची बोटे शेवटी कुठे रोखलेली आहेत ते पाहिले, तर दोष लगेच कळतो.

त्यानंतर झेल. मूल झेलायला शिकते ते ठरावीक टप्प्यांनी, आणि प्रत्येक टप्प्याची खूण डोळ्यांनी दिसते. अगदी सुरुवातीला मूल हात ताठ पुढे करते आणि चेंडू जवळ आला की मान फिरवते किंवा डोळे मिटते. ही भीती आहे, आणि ‘चेंडूकडे बघ’ असे ओरडून ती जात नाही. पुढच्या टप्प्यावर ते चेंडूकडे पाहते, पण हातांनी न धरता दोन्ही हातांची मिठी घालून तो छातीशी दाबते. त्यानंतर हात पुढे जातात, पण टाळी वाजवल्यासारखे लवकर किंवा उशिरा मिटतात आणि चेंडू बोटांवरून उडतो. मग एक दिवस हात मऊ पडतात. चेंडू तळव्यात आला की कोपरे वाकतात आणि हात किंचित अंगाकडे येतात. या मागे घेण्यामुळेच चेंडूचा वेग जिरतो आणि झेल पक्का होतो. शेवटचा टप्पा पायांचा. चेंडू बाजूला येत असेल तर मूल नुसते हात ताणत नाही, पाऊल टाकून त्याच्यामागे जाते.

पायऱ्या या टप्प्यांना धरूनच लावायच्या. पहिल्या पायरीवर मूल एकटेच असते: ओढणीचा रुमाल डोळ्यांच्या उंचीपर्यंत उडवायचा आणि खाली येताना दोन्ही हातांनी घ्यायचा. दुसरी पायरी जोडीत, दीड मीटरवरून, कापडी पिशवीने. इथे मिठी मारून धरले तरी चालते. तिसरी पायरी त्याच दीड मीटरवरून, पण पिशवी छातीला न लावता हातांतच धरायची. चौथ्या पायरीवर पिशवीऐवजी मोज्याचा चेंडू येतो आणि अंतर तेच राहते. पाचवीत अंतर सव्वादोन मीटर, सहावीत तीन मीटर. सातवीत फेकणारा मुद्दाम एक पाऊल बाजूला फेकतो. आठव्या पायरीवर फेकणारा झेलणाऱ्याच्या मागे उभा राहून चेंडू भिंतीवर मारतो आणि झेलणाऱ्याने परत येणारा चेंडू घ्यायचा असतो. या पायरीपुरते झेलणाऱ्याचे तोंड भिंतीकडे असते. मोज्याचा चेंडू भिंतीवरून फार लांब येत नसल्यामुळे इथे पायांना खरे काम लागते, आणि रोज क्रिकेट खेळणारी मुलेही इथे अडतात.

या क्रमात एक शिस्त आहे: प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट बदलते. साधन बदलले तर अंतर तेच, अंतर बदलले तर साधन तेच. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मूल अडखळले, तर ते नेमके कशाने अडखळले हे शिक्षकांनाही सांगता येत नाही. अनेक तयार पाठांत इथेच घोटाळा होतो. पहिल्या पाठात जवळून मोठा चेंडू असतो आणि दुसऱ्यात लांबून छोटा. मधल्या दोन पायऱ्या गाळलेल्या असतात, आणि वर्गातली निम्मी मुले त्या गाळलेल्या पायऱ्यांवरच उभी असतात.

कोणी कोणत्या पायरीवर सराव करायचा हे मुलानेच ठरवावे, ही कल्पना शारीरिक शिक्षणात मस्का मॉस्टन यांनी रुजवली. त्यांचे अध्यापनपद्धतींवरचे पुस्तक १९६६ साली आले. त्यांचे उदाहरण उडीच्या दोरीचे आहे. दोरी दोन्ही टोकांना सारख्या उंचीवर बांधली की उंची वाढवताना एकेक मूल बाद होत जाते. तीच दोरी तिरपी बांधली, एक टोक जमिनीलगत आणि दुसरे कमरेशी, तर प्रत्येक मूल आपल्याला जमेल त्या जागेवरून उडी मारते आणि कोणीच बाद होत नाही. सभागृहात हीच गोष्ट फरशीवर करता येते. झेलणाऱ्याच्या जागेपासून दीड, सव्वादोन आणि तीन मीटरवर, सभागृहाच्या लांबीएवढ्या तीन खडूच्या रेषा. तिसरी रेषा अगदी मधल्या पट्ट्याच्या कडेला येते. कोणत्या रेषेवरून फेकायचे हे झेलणारे मूल सांगते, फेकणारे नाही. हा फरक छोटा वाटला तरी महत्त्वाचा आहे, कारण बलवान जोडीदार आपल्या सोयीने लांब जाऊन उभा राहतो आणि झेलणाऱ्याची फजिती होते.

मुले नेहमी योग्य निवड करतात असे नाही. काही मुले मित्रांसमोर कमीपणा नको म्हणून थेट तीन मीटरवर जातात, काही झेल सुटण्याच्या धास्तीने दीड मीटरवरून हलतच नाहीत. त्यासाठी पाच फेकींचा हिशोब उपयोगी पडतो. पाचपैकी चार किंवा पाच झेल आले तर एक पायरी पुढे, दोन किंवा कमी आले तर एक पायरी मागे, तीन आले तर तिथेच. पाच फेकींनंतर जागा बदलायच्याच असल्यामुळे मोजणी आपोआप होते. मात्र किती झेल आले हे मोठ्याने विचारू नये. मागे जाणे ही शिक्षा वाटू लागली की मुले खोटे आकडे सांगू लागतात.

आता वर्गातल्या वेगवेगळ्या मुलांचे काय, हे पाहू. व्हीलचेअरवरच्या मुलीचे हात सशक्त असतील तर तिला बहुतेक सगळ्या पायऱ्या जशाच्या तशा लागू होतात. फरक दोनच. तिचा भिंतीवरचा चौकोन खाली आणायचा, कारण बसलेल्या माणसाची छाती जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंचीवर असते. आणि सातव्या पायरीवर पाऊल टाकण्याऐवजी तिने चाक ढकलून बाजूला सरकायचे. त्यासाठीच ती टोकाची रुंद पट्टी. सराव सुरू असताना खुर्ची हलवायची नसेल तेव्हा ब्रेक लावणे आणि मांडीवरून पिशवी घसरू नये म्हणून गुडघ्यांवर एक टॉवेल टाकणे एवढी तयारी पुरते. सुटलेला चेंडू जोडीदाराने उचलून द्यायचा की तिने स्वतः, हे तिला विचारून ठरवावे. अनेकदा तिला ते स्वतःच करायचे असते.

कमी दिसणाऱ्या मुलाच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. हवेतून येणारा चेंडू त्याला फार उशिरा दिसतो. पिवळाधमक किंवा गर्द लाल मोजा वापरला आणि मागची भिंत फिकी असली तर थोडा फरक पडतो. तेवढ्याने भागत नसेल तर चेंडू ऐकू येईल असा करायचा. छोट्या प्लास्टिकच्या डबीत चिंचोके भरून ती मोज्यात घातली की खुळखुळणारा चेंडू होतो, आणि तो फेकण्याऐवजी जमिनीवरून सोडायचा. दृष्टिहीनांच्या क्रिकेटमध्ये खुळखुळणारा चेंडू अंडरआर्मच टाकला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी निघालेल्या गोलबॉल या खेळातही चेंडूत घुंगरे असतात. तेव्हा या मुलाची पायऱ्यांची शिडी जमिनीवरून चालते: दीड मीटरवरून बसून, मग तीन मीटरवरून, मग एक पाऊल बाजूला, मग एका टप्प्याने उडालेला चेंडू. फेकणाऱ्याने चेंडू सोडण्याआधी त्याचे नाव घ्यायचे. त्याची पट्टी गोंगाटापासून दूर, दाराच्या विरुद्ध टोकाला असावी. व्हीलचेअरची जोडी दाराशी असल्यामुळे ते टोक मोकळे असते.

डावी बाजू कमकुवत असलेल्या मुलाला दोन्ही हातांनी झेल असा आग्रह धरला तर त्याचा तास वाया जातो. त्याच्या चांगल्या हातात प्लास्टिकच्या कॅनचा वरचा भाग तिरपा कापून केलेला, मूठ असलेला झेला द्यावा, कापलेल्या कडांना चिकटपट्टी लावून. सुरुवातीला तो त्यात पिशवी घेतो, मग चेंडू, मग झेला सोडून नुसत्या तळहातावर. कमकुवत हात पोटाशी धरून त्याचा आधार घ्यायला हरकत नाही. दुसरीकडे, रोज क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना मदतनीस करून कायम शिकवायला लावू नये. तीही शिकायलाच आलेली असतात. त्यांच्यासाठी आठवी पायरी आहेच. त्यापुढे नावडत्या हाताने झेलणे, चेंडू हवेत असताना टाळी वाजवून झेलणे किंवा पाठमोरे उभे राहून हाक ऐकल्यावर वळून झेलणे. त्यांच्यातल्या बहुतेकांचा डावा हात तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच असतो.

पस्तीस मिनिटांचा खर्च साधारण असा होतो. वर्गातून येणे, बूट-मोजे काढणे आणि पट्टीत उभे राहणे यात चार मिनिटे. गुळगुळीत फरशीवर मोज्यांनी घसरायला होते, म्हणून अनवाणीच खेळावे. पाच मिनिटे अंग मोकळे करायला, तेही हातात रुमाल किंवा पिशवी घेऊनच: उडवणे, एका हातातून दुसऱ्या हातात देणे, गुडघ्याखालून देणे. मग चार मिनिटे भिंतीवरची फेक, बारा मिनिटे झेलाच्या पायऱ्या, सात मिनिटे खेळ आणि तीन मिनिटे आवराआवर. सूचना देण्यासाठी या बारा मिनिटांत दोनदाच थांबवावे, आणि थांबण्याची खूण आवाजाबरोबर हात उंच करूनही द्यावी. गोंगाटात शिट्टी सगळ्यांना ऐकू जात नाही. ‘थांबा’ म्हटल्यावर चेंडू दोन्ही पायांमध्ये ठेवायचा, हा नियम पहिल्याच तासाला लावला तर सूचनेच्या वेळी हातात चेंडू खेळवणारे कोणी उरत नाही.

शेवटचा खेळ लगोरीचा, पण सभागृहासाठी बदललेला. मूळ लगोरीत पळणाऱ्याला चेंडू मारायचा असतो आणि जागा पुष्कळ लागते. इथे दोन्ही गोष्टी काढून टाकायच्या. प्रत्येक बाजूचे दोन भाग केले की पाच मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद अशी चार मैदाने होतात, प्रत्येकात आठ मुले, चार विरुद्ध चार. पुठ्ठ्याच्या सात रिकाम्या खोक्यांची लगोरी भिंतीजवळ रचायची, व्हीलचेअर असलेल्या मैदानात ती स्टुलावर. एक संघ कोणत्याही रेषेवरून चेंडू मारून लगोरी पाडतो आणि लगेच पुन्हा रचायला लागतो. तेवढ्या वेळात दुसऱ्या संघाने आपसात सात झेल पूर्ण करायचे. लगोरी आधी रचली तर पहिल्या संघाचा गुण, सात झेल आधी झाले तर दुसऱ्याचा. चेंडू खाली पडला तर तो झेल मोजायचा नाही, पण मोजणी पुन्हा एकपासून सुरू होत नाही. ज्याच्याकडून चेंडू आला त्यालाच तो लगेच परत द्यायचा नाही, हा नियम ठेवला की चौघांनाही खेळावे लागते. दोन तरबेज मुलांनी आपसात सात झेल उरकून टाकण्याची पळवाट राहत नाही. कमी दिसणाऱ्या मुलाकडे चेंडू घरंगळत द्यायचा आणि तोही झेल धरायचा. त्याच्या संघाने खुळखुळणाराच चेंडू वापरावा.

खेळ कुठे बिघडतो ते पहिल्या मिनिटातच दिसते. सात झेल नेहमी सहज आधी होत असतील तर पास देणाऱ्यांना एक रेषा मागे घ्यावे किंवा खोकी पाचच ठेवावीत. उलट, झेल कधीच पूर्ण होत नसतील तर चेंडू काढून पिशवी द्यावी. मैदाने चार असली तरी चारही ठिकाणी नियम सारखेच हवेत असे नाही. एका मैदानात पिशवी आणि दुसऱ्यात चेंडू चालतो.

पूर्ण तासभर शिक्षकांनी उभे राहायचे ते मधल्या पट्ट्यात, आणि सतत चालत. एका टोकाला उभे राहिले तर सोळा जोड्यांपैकी पाच-सहाच नीट दिसतात. दोन फेऱ्यांत प्रत्येक जोडीला एकच गोष्ट सांगावी आणि तीही शरीराच्या एखाद्या भागाविषयी: ‘बोटे चौकोनाकडे’, ‘कोपरे वाकव’, ‘करंगळ्या जवळ आण’. चेंडू कमरेखाली येत असेल तर करंगळ्या एकमेकींजवळ आणि बोटे जमिनीकडे हवीत, छातीवर येत असेल तर अंगठे जवळ आणि बोटे वर. बोटे समोर, चेंडूच्या दिशेने ताठ राहिली तर बोट मुरगळते. मोज्याच्या चेंडूने तसे होत नाही, पण सवय पुढे लेदर बॉलपर्यंत जाते. तास संपल्यावर हजेरीच्या यादीत प्रत्येक नावापुढे पायरीचा आकडा लिहिला, तर पुढच्या तासाला जोड्या लावणे सोपे होते. एकाच पायरीवरचे दोघे बहुतेक वेळा एकत्र, पण दर तासाला जोडीदार वेगळा.

या मांडणीला मर्यादाही आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. पूर्ण ताकदीची ओव्हरआर्म फेक, उंच झेल, धावत जाऊन घेतलेला झेल आणि दम लागेपर्यंत पळणे यांतले काहीही ऐंशी चौरस मीटरमध्ये नीट होत नाही. छताला पंखे आणि ट्यूबलाइट असलेल्या सभागृहात उंच झेलाचा प्रयत्नही करू नये. चेंडू डोक्याच्या वर जायला लागला की ती जोडी एक रेषा पुढे बोलवायची. पावसाळा सरल्यावर मैदान मिळाले की तिथला वेळ या राहिलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवावा, आणि तिथेही सुरुवात यादीतल्या त्याच आकड्यांवरून करावी. सातव्या-आठव्या पायरीवरची मुले थेट धावत झेलण्याकडे जातील. चौथीच्या आतली मुले मैदानावरही दीड मीटरवरूनच सुरुवात करतील, फक्त आता सुटलेला चेंडू अडवायला मागे भिंत नसेल, म्हणून त्यांच्या मागे तिसरा भिडू उभा करावा लागेल.